एकाच तक्रारीचं वजन

2 ऑक्टोबर 2018 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची 1809 ही आवृत्ती लोकांसाठी खुली केली. ती सगळ्यांच्या संगणकांवर आपोआप उतरायला सुरुवात होणार होती 9 तारखेपासून. तोवर ज्यांना धीर नव्हता त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन स्वतः अपडेट मागवायचं होतं. तसं मागवणाऱ्यांपैकी काहींनी संगणक पुन्हा सुरू केला, तर ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर गायब झालेला किंवा रिकामा. कुणाचे फोटो गेले, कुणाची कित्येक वर्षांची कागदपत्रं. त्यांनी स्वतः काहीच पुसलेलं नव्हतं, त्यामुळे कचरापेटीचं चिन्ह उघडून पाहण्यातही अर्थ नव्हता. पहिल्याच आठवड्यात कंपनीने वाटप थांबवलं.

घडलं होतं ते असं. विंडोजमध्ये ‘डॉक्युमेंट्स’सारखे ठरावीक फोल्डर दुसरीकडे हलवता येतात. सी ड्राइव्ह भरली की पुष्कळ लोक ते डी ड्राइव्हवर नेतात. हलवताना जुन्या जागी असलेल्या फायली मात्र सोबत जातीलच असं नाही. काही तिथेच राहतात. आधीच्या आवृत्तीनंतर अशा लोकांना एकाच नावाचे रिकामे, जादा फोल्डर दिसू लागले होते आणि त्यांनी तशा तक्रारी केल्या होत्या. म्हणून 1809 मध्ये हे जादा फोल्डर काढून टाकणारा कोड घातला गेला. अपडेटच्या क्रमात झालेल्या आणखी एका बदलाशी त्याची गाठ पडली, आणि रिकामे फोल्डर काढायला निघालेला हा कोड जुन्या जागचे भरलेले फोल्डरही आतल्या मालासकट काढून मोकळा झाला.

सपोर्टचं काम करणाऱ्यांच्या दृष्टीने या गोष्टीतला खरा चटका पुढे आहे. हा बिघाड आधीच कळवला गेला होता. मायक्रोसॉफ्टच्या चाचणी कार्यक्रमात हौसेने भाग घेणारे लोक नवी आवृत्ती आधी वापरून पाहतात आणि ‘फीडबॅक हब’ नावाच्या सोयीतून तक्रारी पाठवतात. फायली गेल्याच्या तक्रारी तिथे आल्या होत्या. पण त्या जागेत एखादी तक्रार वर यायची ती मुख्यतः ‘मलाही हेच झालं’ म्हणणाऱ्यांच्या मतांवर. फायली जाणारे लोक मोजके होते, त्यामुळे मतंही मोजकीच पडली. कंपनीने नंतर दिलेल्या आकड्यानुसार 1809 घेतलेल्यांपैकी फायली गेल्याचं कळवणाऱ्यांचं प्रमाण होतं दहा हजारांत एक. मतांच्या शर्यतीत दहा हजारांत एक कुठे पोहोचणार? या प्रकरणानंतर मायक्रोसॉफ्टने फीडबॅक हबमध्ये एक भर घातली: तक्रार करणाऱ्याला बिघाडाचा परिणाम आणि तीव्रता किती, हेही सांगता येईल.

तक्रारी मोजणं आणि तक्रारी निवडणं यांतला फरक इथे दिसतो. या निवडण्याला सॉफ्टवेअरच्या जगात ‘ट्रायाज’ म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा मूळ अर्थ निवडणं, वेचणं असाच आहे. तो आला रणांगणावरच्या वैद्यकातून. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद दोमिनिक ज्याँ लारे याने जखमींवर उपचाराचा क्रम जखमेच्या गंभीरपणावरून लावला. जखमी सरदार आहे की साधा शिपाई, हे त्यात धरायचं नाही असा त्याचा दंडक होता. सपोर्टच्या खोलीत तो दंडक पाळणं किती अवघड जातं ते पुढे येईलच.

निवडताना प्रश्न तीनच असतात. नुकसान किती आणि कसलं? थांबलो तर काय बिघडेल आणि कधीपर्यंत थांबता येईल? आणि दुरुस्ती होईपर्यंत लोकांना काम चालवायला दुसरी वाट आहे का? पुस्तकांत यांना परिणाम, तातडी आणि तात्पुरता तोडगा म्हटलेलं असतं. परिणाम आणि तातडी यांचा तक्ता करून त्यातून पी-1 ते पी-4 अशा पायऱ्या काढायची पद्धत बहुतेक कंपन्यांत आहे. तक्ता भिंतीवर लावायला सोपा असतो. खरी गंमत सकाळी अकरा वाजता, तीस तक्रारी समोर असताना होते. म्हणून एक कल्पित पण रोजच्या कामासारखीच सकाळ घेऊ.

समजा, पतसंस्थांना लागणारं सॉफ्टवेअर बनवणारी एक छोटी कंपनी आहे. तिच्या सपोर्टमध्ये चार जण बसतात. रविवारी रात्री सगळ्या शाखांवर नवी आवृत्ती चढवली. सोमवारी दहाला काउंटर उघडले आणि सव्वाअकरापर्यंत 31 तक्रारी आल्या. चौघांनी वरून एकेक उचलून सोडवायला घ्यावी, ही पहिली ऊर्मी असते. तीच महागात पडते, कारण चौघंही चार किरकोळ गोष्टींत अडकतात आणि सतराव्या क्रमांकावरची आग कुणाच्या नजरेला पडत नाही. म्हणून पहिली वीस मिनिटं एकाच व्यक्तीने काहीही न सोडवता सगळ्या तक्रारी फक्त वाचायच्या. एकेकीला जेमतेम अर्धा-पाऊण मिनिट मिळतं, तेवढं पुरतं. या वेळात उरलेले तिघे फोन घेतात आणि विचारलं तर ‘नोंद झाली आहे, कळवतो’ एवढंच सांगतात.

वाचून झाल्यावर 31 तक्रारींचे सहा गठ्ठे पडतात. सतरा शाखा म्हणतात की पावती छापताना पडद्यावर चूक येते, दुसऱ्यांदा प्रयत्न केला की छापली जाते. सहा शाखांत लॉगिनला पाऊण मिनिट लागतंय. तीन शाखा सांगतात की पिग्मी एजंटांच्या यंत्रातली वसुली संगणकावर उतरत नाही. दोन तक्रारी एकाच संस्थेच्या आहेत: वार्षिक सभेच्या अहवालावर संस्थेचं नाव चुकीचं छापलं जातं, आणि त्यावर खुद्द अध्यक्षांचा फोन येऊन गेलेला आहे. एका शाखेने दोनदा कळवलं आहे की काहीच उघडत नाही. उरलेली एक तक्रार लहानशा शाखेतल्या कारकुनाची. ती एवढीच: ‘एका सभासदाचा कर्जहप्ता खात्याला दोनदा जमा दिसतो. सवडीने बघावे.’

डोक्यांच्या गणतीने लावलं तर पावतीचा गठ्ठा पहिला आणि हप्त्याची तक्रार शेवटची. आवाजाच्या गणतीने अध्यक्ष पहिले. पण नुकसान कसलं, हे विचारलं की क्रम उलटतो.

नुकसान मोजताना किती माणसांना त्रास होतो हे एक अंग झालं. दुसरं अंग असं की झालेलं नुकसान मागे फिरवता येतं का. लॉगिनला पाऊण मिनिट लागलं तर वैताग येतो, पण संध्याकाळी दुरुस्ती झाल्यावर मागे काही उरत नाही. खात्यातली चुकीची नोंद तशी नसते. ती तिथेच बसून राहते, तिच्यावर व्याज आकारलं जातं, तिच्या आधारे सभासदाला थकबाकी नसल्याचा दाखला दिला जातो. प्रोग्राम बंद पडला तर निदान सगळ्यांना कळतं. चुकीचं काम करत चालू राहिला तर कुणाला कळत नाही, आणि म्हणूनच त्याच्या तक्रारी थोड्या येतात. माहिती पुसणारा, माहिती बिघडवणारा किंवा एकाची माहिती दुसऱ्याला दाखवणारा बिघाड असेल तर एकच तक्रार पुरे, असा नियम अनुभवी संघांत असतो. तो खरा ठरेपर्यंत वाट पाहायची नाही. आधी वर चढवायचा आणि चौकशीनंतर खोटा ठरला तर खाली आणायचा.

म्हणून पहिला फोन त्या कारकुनाला. फोनवर विचारायच्या गोष्टी ठरलेल्या असतात: आवृत्ती कोणती, घडलं किती वाजता, आधी कोणतं बटण दाबलं, पडद्यावर नेमके कोणते शब्द आले. यादीच्या शेवटी आणखी एक प्रश्न असतो आणि नवशिके तोच विसरतात: मग तुम्ही काय केलंत?

कारकून सांगतो, ‘अहो, पावती छापताना चूक आली. मग मी परत जतन केलं, तेव्हा निघाली.’

इथे वाचणाऱ्याच्या डोक्यात दिवा लागायला हवा. पावती छापण्याआधीच प्रोग्रामने हप्ता खात्यावर चढवला होता. चूक फक्त छपाईत होती. पण पडद्यावरचा लाल चौकोन पाहून कारकुनाला वाटलं की नोंदच झाली नाही. त्याने पुन्हा ‘जतन करा’ दाबलं. या वेळी पावती निघाली, आणि हप्ता दुसऱ्यांदा जमा झाला. म्हणजे पावतीची चूक दाखवणाऱ्या त्या सतरा शाखांत लोकांनी स्वतःच शोधून काढलेला ‘पुन्हा दाबा’ हा तोडगा दर वेळी एक खोटी नोंद तयार करतो आहे. सतरा शाखांची किरकोळ तक्रार आणि एका शाखेची गंभीर तक्रार हा एकच बिघाड निघाला. त्याचा परिणाम आता सतरा शाखांचा नसून सगळ्याच शाखांचा आहे, कारण ज्यांनी तक्रार केली नाही तेही बहुधा पुन्हा दाबून पुढे गेले असणार.

गठ्ठे बांधताना म्हणूनच दोन्ही बाजूंनी चूक होते. वेगवेगळ्या दिसणाऱ्या दोन तक्रारींचं मूळ एक असू शकतं, तसं एकसारख्या दिसणाऱ्या दोन तक्रारींची मुळं वेगळी असू शकतात. दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण 19 जुलै 2024 च्या शुक्रवारी साऱ्या जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोज संगणकांसाठी एक छोटी माहितीची फाइल पाठवली आणि लाखो संगणक निळ्या पडद्यावर अडकले. त्याच्या काही तास आधी मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडच्या मध्य अमेरिकेतल्या केंद्रात वेगळाच बिघाड सुरू झाला होता. दोन्हीत मायक्रोसॉफ्टचं नाव, दोन्हीत सेवा बंद, त्यामुळे सुरुवातीला अनेकांनी दोन्हींचं एकच गाठोडं बांधलं. निवडायला खूण सोपी होती: समोरचा संगणक स्वतः सुरूच होत नाही, की संगणक सुरू आहे आणि दूरची सेवा उत्तर देत नाही? त्या दिवशी हा एक प्रश्न न विचारता नोंदवलेली तक्रार चुकीच्या माणसाच्या टेबलावर जाण्याची दाट शक्यता होती.

पतसंस्थेच्या सकाळकडे परत येऊ. घड्याळात पावणेबारा. नुकसान किती ते कळलं, आता तातडी. तातडी म्हणजे घाई नव्हे. ‘अर्जंट’ हा शब्द प्रत्येक तक्रारीत असतोच, त्यामुळे तो वाचून काही कळत नाही. कळतं ते वेळ विचारल्यावर: हे दुपारपर्यंत राहिलं तर काय होईल, संध्याकाळपर्यंत राहिलं तर काय, उद्यावर गेलं तर काय?

दुहेरी नोंदीच्या बाबतीत उत्तर दोन पदरी आहे. दर पावतीमागे नुकसान वाढतंय, म्हणजे वाढ थांबवायची घाई मिनिटांची. झालेल्या नोंदी निस्तरायची मुदत मात्र दिवसअखेरपर्यंत आहे. समजा, या सॉफ्टवेअरमध्ये दिवस बंद होण्याआधी चुकीची पावती शाखेतच रद्द करता येते आणि एकदा दिवस बंद झाला की उलट नोंद घालावी लागते, तिला वरिष्ठांची मंजुरी लागते. तर साडेपाचच्या आत याद्या शाखांच्या हातात पडल्या पाहिजेत. एकाच बिघाडाला दोन घड्याळं असतात, ती वेगवेगळी लिहून ठेवली की कुणाला काय आधी द्यायचं हे आपोआप ठरतं.

पिग्मीच्या तीन तक्रारींना सकाळी साडेअकराला काहीच तातडी नाही, कारण एजंट दिवसभर दुकानांतून फिरून संध्याकाळी शाखेत येतात. पण पाच वाजता त्याच तीन तक्रारी तीस होतील. अशी तक्रार ‘मध्यम’ असं लेबल लावून सोडून दिली की ती संध्याकाळी अंगावर येते. तिच्यावर लिहायचं ते ‘चारच्या आत’.

1809 च्या प्रकरणातही दोन घड्याळं होती. एक उघड: 9 ऑक्टोबरला आपोआप वाटप सुरू होण्याआधी ते रोखायचं. दुसरं प्रत्येक नुकसानग्रस्ताच्या घरात टिकटिकत होतं. पुसलेली फाइल डिस्कवरून लगेच नाहीशी होत नाही. तिची जागा मोकळी म्हणून नोंदली जाते आणि नवं काही लिहिलं गेलं की जुनं बुजतं. म्हणून कंपनीने अशा लोकांना सांगितलं की तो संगणक शक्य तेवढा कमी वापरा आणि थेट आमच्याशी संपर्क साधा. ज्या सपोर्टवाल्याला हे दुसरं घड्याळ माहीत नाही तो सवयीने सांगणार, ‘एकदा बंद करून चालू करून बघा, आणि अपडेट पुन्हा टाकून बघा.’ एरवी निरुपद्रवी असलेला हा सल्ला इथे उरलीसुरली आशाही बुजवून टाकणारा होता.

तिसरा प्रश्न तोडग्याचा. तोडगा असला की तक्रार खालच्या पायरीवर न्यायची, असं बहुतेक नियमावलीत असतं, आणि तिथेच स्वतःला फसवायला सगळ्यात जास्त वाव आहे. तोडगा कागदावर आहे म्हणजे तो काउंटरवर चालतोच असं नाही. क्राउडस्ट्राइकचाच दाखला घ्यावा. सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी सुटली आणि 10 वाजून 57 मिनिटांनी मागे घेतली गेली. म्हणजे 78 मिनिटांत मूळ कारण दूर झालं. आधीच अडकलेल्या संगणकांसाठीचा तोडगाही लगेच जाहीर झाला आणि तो एका ओळीत मावत होता: संगणक सेफ मोडमध्ये सुरू करा, क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमध्ये जा आणि या नमुन्याची फाइल पुसा.

```
C-00000291*.sys
```

मग विमानसेवा, रुग्णालयं, बँका पुढे किती तरी तास, काही ठिकाणी दिवसच्या दिवस का अडखळत राहिल्या? मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने 85 लाख संगणकांना फटका बसला होता. निळ्या पडद्यावर अडकलेला संगणक नेटवर्कवर येतच नाही, त्यामुळे दुरून दुरुस्ती करायची सोय अनेक ठिकाणी राहिली नाही. माणसाने एकेका यंत्रापाशी जायचं. ज्या संगणकांच्या डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप होतं तिथे आधी 48 अंकी किल्ली टाइप करायची. काही संस्थांच्या तर त्या किल्ल्याच अडकलेल्या संगणकांवर ठेवलेल्या. क्लाउडमधल्या काही यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने सुचवलेला उपाय ऐकून त्या दिवशीही लोकांना हसू आलं असेल: पुन्हापुन्हा चालू-बंद करा, पंधरा वेळा करावं लागलं तरी करा. पण काही ठिकाणी तो लागूही पडला.

तोडग्याचा विचार करताना विचारायचं ते हे: नेहमीचा वापरणारा माणूस तो स्वतः करू शकतो का, किती वेळ रेटू शकतो, आणि केल्याने नवं काही बिघडतं का. त्याच शुक्रवारी भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्यांची छायाचित्रं गमतीने फिरली, पण या तीन प्रश्नांवर तो कागद उत्तम उतरतो. पेन सगळ्यांकडे असतं, चूक झाली तर दुसरा पास लिहिता येतो, आणि रांग लांबली तरी पुढे सरकत राहते. मर्यादा एवढीच की दिवसभर हे रेटता येत नाही.

पतसंस्थेत शाखांनी शोधलेला ‘पुन्हा दाबा’ हा तोडगा पहिल्या दोन प्रश्नांत उत्तीर्ण होतो आणि तिसऱ्यात सपशेल नापास. म्हणून बाराच्या आत सगळ्या शाखांना, तक्रार केलेल्या आणि न केलेल्या, एक निरोप जायला हवा. त्याची भाषा काउंटरवरच्या माणसाची हवी: ‘पावती छापताना चूक आली तर पुन्हा जतन करू नका. हप्ता जमा झालेला आहे. आजच्या पावत्यांच्या यादीत जाऊन ती पावती निवडा आणि पुनर्मुद्रण दाबा. आज सकाळपासून कुठे दोनदा दाबलं असेल तर काही रद्द करू नका, दोनपर्यंत यादी पाठवतो.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण घाबरलेला कारकून दोन्ही नोंदी रद्द करून ठेवतो आणि मग एका चुकीच्या दोन होतात.

जुनी आवृत्ती परत चढवावी का, हा प्रश्न इथे कुणी तरी काढतोच आणि काढायलाच हवा. पुष्कळदा तोच सगळ्यात स्वस्त उपाय असतो. पण नव्या आवृत्तीने माहितीच्या तक्त्यांची रचनाच बदलली असेल तर मागे जाणंही एक शस्त्रक्रियाच. ती काउंटर चालू असताना करायची नाही. तेव्हा निरोपावर वाढ थांबवायची आणि प्रोग्रामरने नेमकी दुरुस्ती करायची: पावतीचा फॉर्म उघडताच त्याला एक क्रमांक द्यायचा आणि त्याच क्रमांकाने दुसऱ्यांदा जतन झालं तर नवी नोंद करायची नाही.

यादी काढण्याचं काम दिसतं तितकं सरळ नाही. एकाच खात्यावर, एकाच रकमेच्या, दोन-तीन मिनिटांच्या अंतराने पडलेल्या पावत्या शोधता येतात. पण एखादा सभासद खरोखरच दोन हप्ते एकदम भरून गेलेला असतो. संगणकाला हे कळणार नाही. शाखेला कळतं, कारण गल्ल्यातली रोकड खोटं बोलत नाही. पुस्तकात रोख जास्त आणि पेटीत कमी भरली तर तेवढ्या रकमेच्या पावत्या दुहेरी. म्हणून यादीवर ‘संशयित’ असं लिहून ती शाखेकडे द्यायची, परस्पर पुसायची नाही.

आता अध्यक्ष. अहवालावर संस्थेचं नाव चुकणं हा बिघाड म्हणून क्षुल्लक, पण सभा परवा असती आणि अहवाल आज छापायला जाणार असते तर तो आजच सुधारावा लागला असता. गांभीर्य आणि प्राधान्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या याच अर्थाने. उलट बाजूने, मार्चअखेरच्या एखाद्या अहवालाला प्रोग्राम कोसळत असेल तर बिघाड गंभीर, पण जूनमध्ये त्याला रांगेत उभं राहायला हरकत नाही. समजा सभा आठवड्याने आहे. मग अध्यक्षांना सन्मानाने सांगायचं, ‘साहेब, गुरुवारी दुपारी नाव दुरुस्त झालेला अहवाल पाठवतो,’ आणि तो गुरुवारी दुपारी खरोखर पाठवायचा. फोन कुणाचा आला यावरून रांग हलली की चौघांच्या लक्षात येतं, शाखांच्याही येतं, आणि पुढच्या सोमवारी सगळे फोन अध्यक्षांकरवीच येऊ लागतात. लारेला निदान सरदारांचे फोन येत नव्हते.

‘काहीच उघडत नाही’वाली शाखा दोन मिनिटांत निकाली निघते. तिथली इंटरनेटची तार तुटलेली. हा आपला बिघाड नव्हे, तरी तक्रार तशीच बंद करायची नाही; शाखेला तसं सांगून मगच बंद करायची. लॉगिनचा संथपणा आज राहू दे. त्यावर फक्त एक डोळा ठेवायचा, कारण पाऊण मिनिटाची तीन मिनिटं झाली तर ते वेगळ्याच आजाराचं लक्षण असेल.

ही व्यवस्था बिघडते तेव्हा काही खुणा दिसतात. यादीतल्या निम्म्या तक्रारी पी-1 झाल्या असतील तर कुणी निवडतच नाही, फक्त शिक्के मारतं आहे. आणि सकाळी लावलेला क्रम संध्याकाळपर्यंत एकदाही बदलला नसेल तर सकाळी निवडल्यावर कुणी पुन्हा पाहिलंच नाही. अशा दिवशी दर तासाला पाच मिनिटं थांबून यादी पुन्हा वाचायची, एवढं साधं काम बहुतेक ठिकाणी गडबडीत राहून जातं. तोडगा दिला म्हणून खाली सरकवलेल्या तक्रारींचं आणखी एक दुखणं असतं. लोक तोडग्यालाच सरावतात, दुरुस्ती होतच नाही, आणि दोन वर्षांनी रुजू झालेल्या नव्या कारकुनाला तोच तोडगा रीतसर पद्धत म्हणून शिकवला जातो. यावर उपाय म्हणून काही संघ तोडगा देतानाच त्याची मुदत लिहून ठेवतात.

मायक्रोसॉफ्टने 1809 पुन्हा खुली केली ती 13 नोव्हेंबर 2018 रोजी, सहा आठवड्यांनी. पतसंस्थेची कल्पित सकाळ तेवढी लांबत नाही. दोनला संशयित पावत्यांच्या याद्या शाखांकडे जातात. पावणेचारला पिग्मीची दुरुस्ती एका शाखेत तपासली जाते आणि मग उरलेल्यांना दिली जाते. साडेचारला दुहेरी नोंद रोखणारी दुरुस्ती चढते, काउंटर बंद झाल्यावर. साडेपाचच्या सुमाराला त्या लहान शाखेतला कारकून पेटी मोजतो, यादीतली एक पावती रद्द करतो, रोख जुळवतो आणि दिवस बंद करतो. त्याच्या तक्रारीपुढे अजून ‘चालू’ असंच लिहिलेलं आहे. सकाळी पावती घेऊन गेलेल्या सभासदाच्या हातात दुसऱ्या, आता रद्द झालेल्या नोंदीची पावती आहे, आणि तो ती बदलून घ्यायला उद्या येणार आहे.